स्पॅनिशचा लेखन पेपर: ८० मिनिटांचा हिशेब

वाचन १९, लेखन ९. माझ्या एका विद्यार्थिनीच्या निकालपत्रावरचे हे दोन आकडे अजून माझ्या डोळ्यांसमोर आहेत. पुण्यात मी स्पॅनिश शिकवते, आणि त्या वर्षीच्या वर्गात तिच्याइतकं सहज स्पॅनिश बोलणारं दुसरं कोणी नव्हतं. ऐकणं आणि बोलणं या जोडीत तिला ५० पैकी ४१ गुण होते. तरीही निकालावर ‘नो आप्तो’, म्हणजे अनुत्तीर्ण, असा शेरा होता. वाचन आणि लेखन ही दुसरी जोडी. तिथे १९ आणि ९ मिळून २८ होत होते आणि हवे होते ३०. एका जोडीतले जास्तीचे गुण दुसरीला उसने देता येत नाहीत.

मी तिला समोर बसवून विचारलं, “पेपरात नेमकं काय केलंस ते मला क्रमाने सांग.” तिने सांगितलं, “ताई, आधी पहिलं पत्र कच्चं लिहून काढलं. मग ते नीट उतरवून काढलं. दुसरा प्रश्नही कच्चा पूर्ण झाला होता, पण उतरवताना निम्म्यावर आले आणि वेळ संपली.” म्हणजे तिने लिहिलेली सगळ्यात चांगली वाक्यं कच्च्या जागेत राहिली, जिथे तपासनीस बघतच नाही. तिला स्पॅनिश येत नव्हतं असं कोण म्हणेल? तिचा हिशेब चुकला होता, भाषा नाही. तेव्हापासून मी लेखनाची तयारी व्याकरणाने सुरू करत नाही, घड्याळाने सुरू करते.

ही परीक्षा म्हणजे देले. स्पेनच्या शिक्षण मंत्रालयाच्या वतीने इन्स्तितुतो सेर्वान्तेस ही संस्था ती घेते. १९९१ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचं एक केंद्र नवी दिल्लीत आहे. परीक्षेच्या सहा पातळ्या आहेत: ए१ पासून सी२ पर्यंत. प्रत्येक पातळीची परीक्षा वेगळी द्यायची आणि निकाल दोनच: उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण. प्रमाणपत्राला मुदत नसते, एकदा मिळालं की कायमचं. आपल्याकडे भाषेच्या जोरावर नोकरी किंवा स्पेनमधला अभ्यासक्रम डोळ्यांसमोर असलेली बरीच मुलं बी२ ही पातळी धरतात, म्हणून मी इथे बी२बद्दलच लिहिते.

बी२च्या लेखी दिवशी आधी वाचनाची ७० मिनिटं, मग श्रवणाची ४०, त्यानंतर विश्रांती आणि शेवटी लेखनाची ८० मिनिटं असतात. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. लेखनाला बसता तेव्हा जवळजवळ दोन तास डोकं स्पॅनिशमध्ये घातलेलं असतं आणि ते दमलेलं असतं. दमलेलं डोकं सवयीवर चालतं. म्हणून पेपरात काय करायचं हे त्या दिवशी ठरवायचं नसतं, आधीच हाताला वळण लागलेलं असावं लागतं.

लेखनात दोन प्रश्न असतात. स्पॅनिशमध्ये त्याला ‘तारेआ’ म्हणतात. पहिल्यात एक छोटं बातमीवजा निवेदन दोनदा ऐकवतात आणि त्याच्या आधाराने पत्र किंवा ईमेल लिहायचं असतं. दुसऱ्यात दोन पर्यायांपैकी एक निवडायचा: आकडेवारीचा तक्ता किंवा आलेख बघून लेख लिहायचा, नाहीतर दिलेला मजकूर वाचून एखाद्या पुस्तकाबद्दल, चित्रपटाबद्दल किंवा कार्यक्रमाबद्दल परीक्षणवजा लिहायचं. दोन्हीकडे शब्दमर्यादा १५० ते १८०. म्हणजे पूर्ण ८० मिनिटांत जेमतेम ३५० शब्द. ऐकायला हे फार थोडं वाटतं, आणि या वाटण्यातच फसगत आहे.

हाताने, वाचता येईल अशा अक्षरात १६५ शब्द लिहायला साधारण बारा ते पंधरा मिनिटं लागतात, आणि हा वेळ नुसत्या उतरवण्याचा. विचार करत लिहिलं तर वीस-बावीस. आता कच्चं आणि पक्कं असं दोनदा लिहिलं तर एका प्रश्नाला ३५ मिनिटं नुसतं पेन चालवण्यातच जातात. दोन प्रश्नांचे झाले ७०. ऐकायला, प्रश्न वाचायला, मुद्दे काढायला आणि तपासायला मिळून उरली फक्त १०. माझ्या विद्यार्थिनीचं नेमकं हेच झालं. शाळेत आपल्याला निबंध आधी कच्च्या वहीत लिहायची सवय लावतात. ती सवय तिथे चांगली असते, इथे महागात पडते.

मग मिनिटं कशी वाटायची? ते ठरवायचं तर तपासनीस काय बघतो ते आधी कळायला हवं, कारण प्रत्येक निकषाची कमाई पेपरातल्या वेगवेगळ्या वेळी होते. माझ्या मते लेखनाच्या तयारीतली सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच आहे, आणि ती फारसं कोणी सांगत नाही.

तपासनीस प्रत्येक लेखन दोन तऱ्हेने जोखतो. एक समग्र: सगळं वाचून झाल्यावर सांगायचं ते पोचलं का, काम झालं का. दुसरी तऱ्हा विश्लेषक, तिच्यात चार निकष असतात. पहिला ‘आदेक्वासिओन’, म्हणजे लेखन त्या प्रकाराला शोभेसं आहे का: पत्र पत्रासारखं, लेख लेखासारखा, अधिकाऱ्याशी बोलताना अधिकाऱ्याशी बोलावं तसं, आणि प्रश्नात मागितलेला प्रत्येक मुद्दा आलेला. दुसरा ‘कोएरेन्सिआ’, म्हणजे सुसंगती: मुद्द्यातून मुद्दा निघतो का, परिच्छेद आणि जोडशब्द वाचणाऱ्याला हात धरून नेतात का. तिसरा ‘कोर्रेक्सिओन’, बिनचूकपणा. चौथा ‘आल्कान्से’, म्हणजे आवाका: शब्द आणि वाक्यरचना किती तऱ्हांच्या येतात.

प्रत्येक निकषाला ० ते ३ अशा चार पायऱ्या आहेत. २ म्हणजे लेखन बी२च्या पातळीचं आहे, ३ म्हणजे त्याहून सरस, १ म्हणजे पातळीला कमी. यातली आश्वासक गोष्ट ही की पायरी २ वर उभं राहायला निर्दोष लिहावं लागत नाही. बी२च्या माणसाच्या चुका होणार हे गृहीतच आहे, त्या चुकांनी अर्थाचा घोटाळा होऊ नये एवढीच अट. सगळीकडे २ मिळाले असं धरून सरळ त्रैराशिक मांडलं, तर २५ पैकी १६-१७ येतात. वाचनात १५ असले तरी जोडी ३०च्या वर जाते. हा माझा ढोबळ हिशेब आहे, पण विद्यार्थ्याच्या डोक्यात तो असला की तो ३च्या मागे धावत बसत नाही.

आता वेळेकडे वळू. पहिले दोन निकष, शोभेसं असणं आणि सुसंगती, लिहायला सुरुवात करण्यापूर्वीच्या पाच मिनिटांत ठरतात. कोणाला लिहितोय, कोणते मुद्दे, कोणत्या क्रमाने, हे एकदा लिखाण सुरू झाल्यावर दुरुस्त करता येत नाही. मुद्दा राहून गेला तर तो मागाहून घुसडायला जागा नसते. आवाका लिहितानाच येतो, पण त्याचीही पेरणी आराखड्यातच करावी लागते. बिनचूकपणा मात्र शेवटच्या तपासणीत बराच सावरता येतो. म्हणजे पाच मिनिटांचा आराखडा चारपैकी दोन निकष जवळजवळ पूर्ण आणि तिसरा अर्धा भागवतो. पूर्ण कच्चा मसुदा यातलं काहीच जास्त देत नाही आणि वीस मिनिटं मात्र घेतो.

माझी वाटणी अशी. पहिल्या प्रश्नात ऐकणं आणि टिपणं ७ मिनिटं, आराखडा ५, लिहिणं २०, तपासणी ५: एकूण ३७. दुसऱ्यात पर्याय निवडणं २, आराखडा ६, लिहिणं २२, तपासणी ६: एकूण ३६. राहिली ७ मिनिटं. ती कोणाच्याही नावावर मांडायची नाहीत. त्यांचं काय करायचं ते शेवटी सांगते.

वर्गात मी एक नमुना तयार करून देते, तोच इथे घेते. समजा ध्वनिफितीत अशी बातमी आहे: शहरातली जुनी झाकलेली मंडई नगरपालिका दुरुस्तीसाठी १८ महिने बंद करणार आहे. छप्पर धोकादायक झालंय. चाळीस गाळे चार किलोमीटरवरच्या औद्योगिक भागात हलवणार आहेत. तिकडे बस जात नाही. प्रश्न सांगतो की त्या वस्तीतली रहिवासी म्हणून नगरपालिकेला पत्र लिहा. त्यात पाच गोष्टी हव्यात: स्वतःची ओळख, पत्राचं कारण, निर्णयाबद्दलचं मत, एखादा पर्याय आणि शेवटी उत्तराची विनंती.

ध्वनिफीत वाजायच्या आधी हे पाच मुद्दे वाचून घ्यायचे. मग कान कशासाठी लावायचा ते कळतं. पहिल्या ऐकण्यात फक्त कोण, काय आणि का एवढंच टिपायचं. दुसऱ्यात आकडे. वाक्यं टिपायला गेलात की पुढचं निसटतं. माझ्या टिपणात एवढंच असतं: तेचो, १८ मेसेस, ४० पुएस्तोस, ४ किलोमेत्रोस, सिन आउतोबुस. छप्पर, १८ महिने, ४० गाळे, ४ किलोमीटर, बस नाही. हे पाच शब्द पत्राला पुरतात. सगळे आकडे पत्रात यायला हवेत असं मुळीच नाही. तुम्ही बातमी लिहीत नाही, बातमी ऐकून एका माणसाला लिहिताय. ऐकलेली वाक्यं जशीच्या तशी उतरवणारे विद्यार्थी आवाक्यात मार खातात, कारण ते शब्द त्यांचे नसतात आणि तपासनिसाला ती ध्वनिफीत माहीत असते.

आता आराखड्याची पाच मिनिटं. प्रत्येक मुद्द्यासमोर दोनच गोष्टी लिहायच्या: किती शब्द, आणि कोणती एक रचना. ओळखीला २५ शब्द, कारणाला ३०, मताला ५०, पर्यायाला ४०, विनंती आणि निरोपाला २०. बेरीज १६५, मर्यादेच्या बरोबर मधोमध. मताला सगळ्यात जास्त जागा दिली, कारण तिथे युक्तिवाद आहे. ओळखीत रमणारे फार जण पाहिले आहेत. नाव, गाव, शिक्षण, छंद यातच साठ शब्द संपतात आणि पर्याय एका ओळीत उरकावा लागतो.

रचना निवडताना मराठी माणसाच्या हातात एक गोष्ट आयती असते, पण आपण ती वापरत नाही. आपण स्पॅनिशकडे इंग्रजीतून जातो आणि सोपी वाट अवघड करून घेतो. ओळखीच्या वाक्यात ‘मी दहा वर्षांपासून या वस्तीत राहते’ असं म्हणायचंय. मराठीत ‘राहते’ हा साधा वर्तमानकाळ. स्पॅनिशमध्येही तेच: ‘बिबो एन एस्ते बार्रिओ देस्दे आसे दिएस आन्योस’, इथे ‘बिबो’ म्हणजे ‘राहते’. इंग्रजीतून येणारा मुलगा इथे पूर्ण वर्तमान शोधत बसतो आणि चुकतो.

पर्यायाच्या मुद्द्यात तर मराठीचं देणं आणखी मोठं आहे. ‘नगरपालिकेने बस सुरू करावी हे बरं होईल.’ या वाक्यातलं ‘करावी’ नीट बघा. बस अजून सुरू झालेली नाही, ती व्हावी अशी इच्छा आहे, म्हणून क्रियापदाचं रूप बदललं. स्पॅनिशमध्ये याच जागी सब्जंक्टिव्ह येतं, आणि त्याच्याच धास्तीने निम्मा वर्ग गारठलेला असतो: ‘सेरिआ कोन्वेनिएन्ते के एल आयुन्तामिएन्तो पुसिएरा उन आउतोबुस’. या ‘पुसिएरा’च्या जागी मनात ‘सोडावी’, ‘करावी’ असं रूप आलं की समजायचं, इथे सब्जंक्टिव्ह लागणार. हे दर वेळी शंभर टक्के जुळत नाही, पण पत्रातल्या सूचना आणि विनंत्यांमध्ये बहुतेक वेळा जुळतं. शेवटच्या मुद्द्यातही तीच रचना: ‘ले आग्रादेसेरिआ के मे रेस्पोन्दिएरा’, आपण उत्तर द्यावं, आभारी राहीन. पत्रात या रचना दोनदा अचूक आल्या की आवाक्याची पायरी २ नजरेच्या टप्प्यात येते. पाच-सहा वेळा कोंबायची गरज नाही, तसं केलं की वाक्यं अवघडून जातात.

मताच्या मुद्द्यासाठी मी ‘आउन्के’ लिहून ठेवते, म्हणजे ‘जरी’. छप्पर धोकादायक आहे हे मला पटतं, पण म्हाताऱ्या माणसांनी भाजीसाठी चार किलोमीटर जायचं कसं? आधी समोरच्याचं म्हणणं मान्य करायचं, मग आपलं मांडायचं. युक्तिवादाला नुसतं ‘मला पटत नाही’ पुरत नाही, आणि हा एक जोडशब्द सुसंगती आणि आवाका दोन्हीकडे उपयोगी पडतो. त्याच्या पुढे ‘सिन एम्बार्गो’ (तरीसुद्धा) आणि ‘पोर लो तान्तो’ (म्हणून) हे दोन शब्द पुरतात. जोडशब्दांची यादी पाठ करून प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला एक एक चिकटवणारे विद्यार्थी असतात. ती लिखाणं वाचताना गतिरोधकांवरून गाडी नेल्यासारखं होतं. खरी सुसंगती क्रमात असते, जोडशब्द फक्त तो क्रम दाखवतात.

पत्राचा थाट हा शोभेसं असण्याचा अर्धा भाग. इथेही आपली शाळा उपयोगी पडते. आपण औपचारिक पत्रात ‘महोदय’ आणि ‘आपला विश्वासू’ शिकलोय, मित्राला ‘प्रिय’ आणि ‘तुझा’ शिकलोय. स्पॅनिशमध्ये तोच भेद आहे: ‘एस्तिमादो सेन्योर’ आणि शेवटी ‘आतेन्तामेन्ते’ एकीकडे, ‘केरिदो’ आणि ‘उन आब्रासो’ दुसरीकडे. एक बारीक फरक आहे. संबोधनानंतर आपण स्वल्पविराम देतो, स्पॅनिशमध्ये तिथे अपूर्णविराम, म्हणजे दोन टिंबं असतात. आणि प्रश्नार्थक वाक्याच्या सुरुवातीलाही उलटं प्रश्नचिन्ह (¿) लागतं, ते तर सर्रास विसरलं जातं.

याहून मोठी चूक पत्राच्या मध्यावर होते. सुरुवातीला मुलं नीट ‘उस्तेद’ने बोलतात, म्हणजे आपल्या ‘आपण’च्या थाटाने. तिसऱ्या परिच्छेदात मुद्दा तापला की ‘सु देसिसिओन’ (आपला निर्णय) चा ‘तु देसिसिओन’ (तुझा निर्णय) होतो. एका अक्षराचा फरक. पण मराठीत कोणी आयुक्तांना ‘आपल्याला नम्र विनंती की तुझा निर्णय बदल’ असं लिहिलं तर कसं वाटेल? तपासनिसाला नेमकं तसंच वाटतं. म्हणून आराखड्याच्या वर मोठ्या अक्षरात ‘उस्तेद’ लिहून ठेवायचं, डोळ्यांसमोर राहील असं.

आता लिहायला लागा, थेट पक्कं आणि पेनाने. चुकलं तर एक आडवी रेघ मारून पुढे लिहायचं, गिरमिट करायचं नाही. शब्द मोजत बसायची गरज नाही. घरी सराव करताना आपल्या एका ओळीत सरासरी किती शब्द बसतात ते मोजून ठेवायचं. माझ्या अक्षरात ते दहा बसतात, म्हणजे सोळा-सतरा ओळी झाल्या की पत्र संपलं पाहिजे. कोणी म्हणतं, थोडं जास्त लिहिलं तर काय बिघडतं? २३० शब्द लिहिणाऱ्याने मर्यादा तर मोडलीच, पण वरच्या ५० शब्दांच्या चुका अधिक केल्या आणि दुसऱ्या प्रश्नाची आठ मिनिटं खाल्ली, हा त्याचा खरा तोटा.

तपासणीची पाच मिनिटं नुसतं पुन्हा वाचण्यात घालवू नका. आपलंच लिखाण वाचताना डोळा पुढे पळतो आणि जे लिहायचं होतं तेच वाचतो. म्हणून तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीत एकच गोष्ट. पहिल्या फेरीत फक्त क्रियापदं: कर्ता कोण, रूप त्याचं आहे का, काळ कोणता. दुसऱ्या फेरीत फक्त नामं. मराठीत नामाच्या आधी इंग्रजीतल्या ‘द’सारखा उपपद शब्द नसतो, म्हणून आपल्या मुलांच्या लेखनातून ‘एल’ आणि ‘ला’ हमखास गळतात. लिंगाशी जुळणारं विशेषण आपल्याला सवयीचं, ‘पांढरी भिंत’ म्हणणाऱ्याला ते शिकवावं लागत नाही, पण लिंगच वेगळं असतं. आपला हात पुल्लिंगी, स्पॅनिश ‘मानो’ स्त्रीलिंगी. ‘प्रोब्लेमा’च्या शेवटी आ आहे म्हणून तो स्त्रीलिंगी वाटतो, पण आहे पुल्लिंगी, आणि ‘ला प्रोब्लेमा’ ही चूक दर बॅचमध्ये मला भेटते. तिसरी फेरी स्वरचिन्हांची, त्यांना ‘तिल्दे’ म्हणतात. बोलणे या अर्थाच्या ‘आब्लार’चं रूप ‘आब्लो’ घ्या. शेवटच्या ओवर तिरपी रेघ नसेल तर ‘मी बोलतो’, असेल तर ‘तो बोलला’. एका रेघेने माणूस आणि काळ दोन्ही बदलतात. म्हणून ही नुसती शुद्धलेखनाची चूक राहत नाही, अर्थाची होते.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल थोडक्यात. पर्याय निवडायला दोनच मिनिटं द्यायची, आणि निवडल्यावर बदलायचा नाही. परीक्षणाचा विषय जवळचा वाटला तरी शब्द आठवतात का ते बघून मग ठरवा. आलेखाच्या पर्यायात मुलं तक्त्यातले सगळे आकडे ओळीने वाचून दाखवतात, आणि लेखाची यादी होऊन जाते. तीन आकडे पुरतात: सगळ्यात मोठा, सगळ्यात लहान, आणि एखादा न जुळणारा. तेही ‘निम्म्याहून जास्त’, ‘जवळजवळ एक तृतीयांश’ अशा शब्दांत सांगायचे, आणि एकदा तरी ‘असं का असेल’ याचा अंदाज द्यायचा, कारण बी२मध्ये नुसतं वर्णन नव्हे, मांडणीही हवी असते. परीक्षणात दिलेल्या मजकुराचा सारांश एक तृतीयांशाहून जास्त होऊ नये. बाकीची जागा तुमच्या मताची. मागचं सांगताना ‘मी लहानपणी तिथे जायचे’ आणि ‘मी काल तिथे गेले’ यातला फरक मराठीत स्वच्छ आहे. स्पॅनिशमध्ये पहिल्याला ‘इबा’, दुसऱ्याला ‘फुइ’. तुमच्या कानाला ‘जायचे’ ऐकू आलं, की समजा अपूर्ण भूतकाळ.

घरी हे कसं तपासायचं? इन्स्तितुतो सेर्वान्तेस आपल्या संकेतस्थळावर नमुना परीक्षा ठेवते. त्यातली एक घ्या, ध्वनिफीत दोनदा वाजवा आणि ८० मिनिटं लावा, मध्ये उठायचं नाही. दोन दिवस पेपर बाजूला ठेवून मग चार रंगांची पेनं घेऊन बसा. प्रश्नातला प्रत्येक मुद्दा जिथे आलाय तिथे एका रंगाची रेघ: रेघा मोजल्या की पहिला निकष कळतो. जोडशब्दांवर दुसरा रंग, ते प्रत्येक वाक्यात असतील तर जास्त आहेत, एकाही परिच्छेदात नसतील तर कमी. चुकांवर तिसरा. चौथा सगळ्यात डोळे उघडणारा: वेगळी वाटणारी प्रत्येक क्रियापद-रचना त्याने रंगवा. बहुतेकांच्या पानावर चौथा रंग दोन ठिकाणी दिसतो आणि बाकी सगळीकडे ‘एस’, ‘आय’ आणि ‘तिएने’ असतात: आहे, आहे, आहे. व्याकरणाची फार पुस्तकं उघडण्यापेक्षा हे पान समोर ठेवून, त्यातल्या दोन ‘आहे’च्या जागी काय आलं असतं ते शोधणं जास्त उपयोगी पडतं. या वाटणीने शब्दसंग्रह वाढत नाही, हेही मान्य करायला हवं. ज्याला मंडई, गाळा, छप्पर यांचे शब्दच येत नाहीत त्याला आराखडा वाचवू शकत नाही. त्यासाठी वाचन लागतं.

राहिली ती ७ मिनिटं. माझ्या विद्यार्थिनीने पुढच्या सत्रात परीक्षा पुन्हा दिली तेव्हा आमचं यावरच जास्त बोलणं झालं. घड्याळात सात मिनिटं उरली आणि दुसऱ्या प्रश्नाचा शेवट अजून लिहायचाय, असं झालं तर पहिल्या पत्राकडे परत जाऊन स्वरचिन्हं लावत बसायचं नाही. दुसऱ्यात जो मुद्दा राहिलाय तो दोन साध्या वाक्यांत लिहायचा आणि शेवटचं वाक्य पूर्ण करून पूर्णविराम द्यायचा. राहिलेली तिल्दे बिनचूकपणाच्या एकाच पायरीवर परिणाम करते. राहिलेला मुद्दा आणि तुटलेलं वाक्य मात्र शोभेसं असण्यावर, सुसंगतीवर आणि समग्र गुणांवर, अशा तीन ठिकाणी लागतात. त्या दिवशी पेपर देऊन ती बाहेर आली आणि फोनवर तिने पहिलंच सांगितलं, “ताई, शेवटच्या चार मिनिटांत मी तिसरा मुद्दा लिहिला, दोनच वाक्यं, पण पूर्ण.”